डावीकडचा बाक

सुलक्षणाचं पत्र मार्गशीर्षात आलं आणि चार महिने माझ्याकडे बिनउत्तराचं पडून राहिलं. पडून म्हणजे हरवलं नव्हतं. ते कुठे आहे हे मला रोज ठाऊक होतं. आधी टेबलावरच्या जाड शब्दकोशात ठेवलं होतं, आणि म्हणून ते तिथे असेतोवर मी शब्दकोश उघडला नाही.

सुलक्षणा माझ्या बहिणीची मुलगी. ती बहीण, बेबाबाई, गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून सुलक्षणाचं माहेर म्हणजे धुळ्याच्या देवपुरातल्या माझ्या दोन खोल्या. मी एकटा माणूस, शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेला. फोनवर मला बोलता येत नाही, नुसतं "हो, हो" म्हणतो, हे तिला माहीत असल्यामुळे काही खरं विचारायचं असलं की ती अजून पत्र लिहिते. जामनेर तालुक्यातल्या तिच्या गावाहून ते पत्र पाच दिवसांनी पोचलं होतं.

तिने लिहिलं होतं की नूतनच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं. नूतन तिची मुलगी, दुसरीतली. शिबिरातल्या कागदावर "दृष्टी अत्यंत कमी" असं आलं. पंडित सर, म्हणजे मुख्याध्यापक, चांगले गृहस्थ. त्यांनी घरी येऊन सांगितलं की जूनपासून मुलीला अंध मुलींच्या निवासी शाळेत घाला, तिथे तिचं नीट होईल, इथे फळ्यावरचं काहीच दिसत नाही. नवल, सुलक्षणाचा नवरा, त्या दिवशी जेवला नाही. मग कुणा चष्मेवाल्याने त्याला सांगितलं की डोळ्यात लेन्स बसवली की डोळे हलायचे थांबतात. आता त्याला दुसरं काही सुचत नाही.

नूतनचे डोळे जन्मापासून हलतात. डावी-उजवीकडे, सारखे, घड्याळाच्या लंबकापेक्षा भरभर. माझेही तसेच हलतात.

पत्राच्या शेवटी दोन गोष्टी होत्या. एक प्रश्न होता. "मामा, तुम्हाला जग हलताना दिसतं का? नूतनला विचारलं तर ती उलट मलाच विचारते, हलणं म्हणजे कसं? मला रात्रंदिवस वाटतं की तिच्यापुढे सगळं गदागदा हलत असेल आणि पोर सांगत नसेल. तुम्ही एवढंच कळवा."

दुसरा प्रश्न नव्हता, नुसतं एक वाक्य होतं. "तुम्ही सांगितल्यापासून आम्ही तिची मान सरळ ठेवतो, पण तशी ठेवली की अक्षर दिसत नाही म्हणते."

या वाक्यापाशी मी पत्र मिटलं.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुलक्षणा माझ्याकडे आली होती. गल्लीतल्या बायकांनी निंबाला झोका बांधला होता आणि नूतन त्यावर उभी होती. मी दारातून पाहत होतो. तिचा चेहरा डावीकडे वळलेला, बुबुळं उजव्या कोपऱ्यात. अगदी माझ्या लहानपणीसारखी. माझ्या मास्तरांनी त्यासाठी माझा कान धरून मान समोर वळवली होती, एकदा नव्हे, चार वर्षं. लोक म्हणत, पोरगा वाकड्या मानेचा निघेल. मला वाटलं, निदान तेवढं तरी हिच्या वाट्याला नको. सुलक्षणा चहा गाळत होती तेव्हा मी म्हणालो, "हिला मान सरळ ठेवायची सवय लाव." बाकी काहीच बोललो नाही. ज्या एका विषयात मला थोडंफार कळायला हवं होतं, त्यात मी दिलेला तो एकच सल्ला.

आणि त्यांनी तो पाळला. मी पुस्तकांतला माणूस, माझं म्हणणं खरं असणार असं त्यांना वाटलं.

उत्तराचे खर्डे मी पाच केले. "नाही, जग हलत नाही" असं लिहिलं आणि खोडलं. मला तरी कुठे माहीत होतं? ज्याला दुसरं काही दिसलेलंच नाही त्याने कशाशी ताडून पाहायचं? चुकीचं लिहिलं तर आणखी एका चुकीचा धनी होणार. असं करत पौष आला.

तेव्हा नवलचा फोन आला. जळगावला लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर आहेत, गुरुवारची वेळ मिळाली आहे. घरात आणखी कुणाचे डोळे असे आहेत का, असं ते विचारतात. "नाना, सुलक्षणा म्हणते तुम्ही यावं." मी हो म्हणालो. फोनवर मी हो म्हणतोच.

एसटीत धुळ्यापासून पारोळा, एरंडोल करत मी एकच गोष्ट घोळवत बसलो. डॉक्टर विचारणार, मान सरळ ठेवायला कुणी सांगितलं. आणि सगळे माझ्याकडे बघणार. पारोळ्याला उतरून परतीची गाडी धरावी असं मनात आलं होतं. बसच्या पाट्या मला जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाहीत आणि जवळ जाईपर्यंत गाडी निघते, एवढ्याच कारणाने मी उतरलो नाही.

दवाखान्याच्या बाकावर चौघं बसली होती. नवल, सुलक्षणा, नूतन आणि नवलची आई प्रमिलाबाई. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं, जामनेरात चाळीस वर्षं काढूनही अहिराणी सुटलेली नाही. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या डोळ्यांकडे, बराच वेळ पाहिलं.

"हाई बठ्ठं मामाकडथीन उनं, मी सांगस ना," त्या सुनेला म्हणाल्या. हे सगळं मामाकडून आलं. आवाज कमी करण्याची त्यांना गरज वाटली नाही.

नूतन मात्र उठून माझ्याजवळ आली, नाकाला नाक लागेल इतकी. "आबा, तुमचे पण नाचतात?"

"हो."

"थांबवता येतात?"

"नाही."

"मला पण नाही," असं म्हणून ती माझ्याशेजारी बसली.

आत डॉक्टरांनी पडदा तपासला, विचारपूस केली. कधी लक्षात आलं? तीन महिन्यांची असताना. त्यांनी मान हलवली. मोठेपणी, अचानक असं सुरू झालं असतं तर गोष्ट वेगळी, तेव्हा धावत यावं लागतं. हे जन्मापासूनचं आहे, आतला पडदा आणि नस चांगली आहे. घराण्यात असू शकतं. माझ्याकडे पाहून ते म्हणाले की यात कुणाचा दोष नसतो. प्रमिलाबाई छताकडे बघत होत्या.

मग आम्हाला नंबर काढायच्या खोलीत पाठवलं. तिथे अमृत नावाचे तिशीतले गृहस्थ होते, नजर तपासणीचं शिक्षण घेतलेले. त्यांनी आधी शिबिराचा कागद वाचला आणि विचारलं की तिथे एकेक डोळा कशाने झाकला होता. नूतनने सांगितलं, काळ्या चमच्याने. म्हणजे तो हातात धरायचा प्लास्टिकचा चमचा.

अमृतनी तळहात तिच्या डाव्या डोळ्यापुढे क्षणभर धरला आणि आम्हाला तिचा उजवा डोळा बघायला सांगितलं. तो इतका जोरात हलू लागला की सुलक्षणाने तोंडावर पदर धरला. हात काढला तसा वेग उतरला.

"काही मुलांचं असं होतं," ते म्हणाले. "एक डोळा पूर्ण झाकला की दुसऱ्याचं हलणं वाढतं. मग पहिलं अक्षरसुद्धा दिसत नाही. हिला तेवढंच दिसतं असं कागदावर आलं, पण हिला तेवढंच दिसतं असं नाही." एकेक डोळा बघायचा तर ते झाकत नाहीत, त्या डोळ्यापुढे धूसर करणारी काच लावतात. आणि आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघतात, कारण माणूस दोन्ही डोळ्यांनीच जगतो.

समोर अक्षरांचा तक्ता उजळला. नूतन खुर्चीत बसली. लगेच नवल तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही तळहात तिच्या कानांवर ठेवून तिचा चेहरा तक्त्याच्या समोर धरला. हलक्या हाताने. केळीच्या चिकाने काळे पडलेले ते तळहात. आणि ती पण, धरायच्या आधीच, धरून घ्यायला मान ताठ करून बसली होती.

वरचं एक अक्षर तिने वाचलं. पुढच्या ओळीवर गप्प.

"हे काय करताय?" अमृतनी विचारलं.

"मान सरळ ठेवतो," नवल म्हणाला. "रोज अभ्यासाला असंच बसवतो. नाहीतर वाकडी करते."

"हात काढा."

नवलने काढले नाहीत. त्याला कळलं नसावं.

"दादा, हात काढा. बाळ, तुला हवी तशी मान कर."

नूतनने आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे. मग चेहरा हळूहळू डावीकडे गेला, बुबुळं उजव्या कोपऱ्यात आली, आणि तिथे ती जवळजवळ स्थिरावली. पूर्ण नाही. बारीक थरथर होतीच. तिने दुसरी ओळ वाचली. अमृतनी जड गोल फ्रेम तिच्या नाकावर ठेवून काचा बदलल्या, तिसरीही वाचली, एक अक्षर चुकून.

अमृत सांगत होते की प्रत्येकाच्या डोळ्यांना एक बाजू असते जिथे हलणं सर्वांत कमी असतं, मूल ती आपोआप शोधतं, आणि मान वळवणं ही खोड नाही, ते तिचं बघणं आहे. ते मोडायचं नसतं. त्यांचा आवाज मला लांबून येत होता. माझा कान, तो धरलेला कान, सत्तराव्या वर्षी गरम झाला होता.

"ते मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

अमृतना ऐकू गेलं नाही. त्यांनी "काय?" विचारलं, आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं. "मान सरळ ठेवायला. मी सांगितलं होतं."

नवल बाहेर निघून गेला.

डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी होईपर्यंत पाऊण तास थांबायचं होतं. मी व्हरांड्यात गेलो. तो खांबाला टेकून उभा होता. मला वाटलं तो मला मारेल. मी तसा भित्रा आहे, पण त्या वेळी त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"नाना, आठ महिने मी तिची मान धरली," तो म्हणाला. "रोज तासभर. ती म्हणायची, पप्पा, आता काळं झालं. मी म्हणायचो, बघ, नीट बघ."

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"तुम्ही कसं वाचता मग?"

"मान वळवून. कुणी बघत नसलं की."

मग तो म्हणाला की लेन्सने थांबलं तर हे सगळं संपेल. त्याच्या बोलण्यातली ती आशा मला जास्त भिववू लागली. आजचं त्याने सोसलं होतं. ती आशा मोडली तर जूनमध्ये तो मुलीला निवासी शाळेत सोडून येईल आणि परत मागे बघणार नाही, असं मला दिसत होतं.

थेंबांनंतर नंबर निघाला. साधा कमी होता, पण आडवा-उभा फरक, ज्याला ते सिलिंडर म्हणतात, तो बराच होता. नवलने लगेच लेन्सचं काढलं. अमृतनी पेन खाली ठेवलं.

ते म्हणाले, "चष्म्याने डोळे थांबणार नाहीत. लेन्सनेही थांबणार नाहीत. कुणी तसं सांगितलं असेल तर ते चूक आहे."

मग चष्मा काय करतो ते त्यांनी सांगितलं. नंबरामुळे जी पुसटता येते ती काढतो. हलण्यामुळे जी येते ती राहते. चष्म्याची काच जागेवर असते आणि डोळा तिच्यामागे इकडून तिकडे जातो, त्यातून नूतन मान वळवून काचेच्या कडेतून बघणार. लेन्स बुबुळावर बसते, डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे नजर तिच्या मध्यातून जाते. काहींचं हलणंही लेन्सने किंचित कमी होतं. का होतं ते नक्की ठरलेलं नाही. कुणाला एखादी ओळ जास्त दिसते, कुणाला काहीच फरक पडत नाही. आधी तीन महिने चष्मा लावू, मग लेन्स लावून बघू, आणि बघू म्हणजे बघूच.

"मंग काय उपेग?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"उपयोग हा की ती तिच्याच शाळेत शिकू शकेल," अमृत म्हणाले. "पुढचा बाक. वर्गाच्या डाव्या बाजूला, म्हणजे फळा तिच्या उजवीकडे येईल. मोठ्या अक्षरांची पुस्तकं. परीक्षेला वेळ जास्त. हे मी लिहून देतो. पण फळ्यावरचं सगळं दिसेल असं मी लिहून देणार नाही."

नवलने कागद घेतला, पण पंडित सरांना काय सांगायचं ते चष्मा, लेन्स सगळं झाल्यावर ठरवू, एवढंच म्हणाला. गाडीत बसताना सुलक्षणा माझ्याजवळ आली. मला वाटलं ती मानेबद्दल बोलेल.

"मामा, पत्राचं उत्तर राहिलंय," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

ते तीन महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. पत्र आता टेबलावर उघडं ठेवलं होतं, तरी लिहिलं नाही. लेन्सचं काय होतं ते कळू दे, मग लिहीन, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे वाईट बातमी आली तर उत्तराची गरज उरणार नाही, असाही एक नीच हिशेब मनात होता.

चैत्रात पुन्हा जळगावला गेलो. व्हरांड्यातली फरशी चपलेतून भाजत होती. नूतनला चष्मा आला होता, गुलाबी काड्यांचा. चष्म्याने तिने चौथ्या ओळीपर्यंत मजल मारली, पण एकेका अक्षराला थांबत, शोधत.

लेन्स घालायला अर्धा तास लागला. ती रडली, एकदा लेन्स गालावर पडली, एकदा अमृतनी ती टाकून दुसरी काढली. सुलक्षणाला घालायला-काढायला शिकायचं होतं. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही, झोपताना काढायचीच, डोळा लाल झाला किंवा दुखला तर लगेच काढून इथे यायचं. शेतातून आलेल्या हातांनी तर कधीच नाही, असं अमृत म्हणाले तेव्हा नवलने आपले हात पाठीमागे नेले.

शेवटी दोन्ही बसल्या. डोळे पुसून नूतनने वर पाहिलं.

आम्ही चौघंही तिच्या तोंडाशी वाकलो होतो. बुबुळं हलत होती. डावी-उजवीकडे, आधीसारखीच. कदाचित थोडी कमी; पण कदाचित म्हणावं इतकीच.

"हालतसच," प्रमिलाबाई म्हणाल्या.

नवल खुर्चीत बसला. त्याच्याकडे मला बघवेना. अमृतनी घाई केली नाही. दहा-पंधरा मिनिटं तिला खिडकीशी फिरू दिलं, मग तक्ता लावला. तिने मान वळवली. कुणी काही म्हणालं नाही. पहिल्या तीन ओळी ती धावत वाचून गेली. चौथी न थांबता. पाचव्या ओळीत पाच अक्षरं होती. तिने पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसऱ्याला थबकली, चुकली, चौथं बरोबर, पाचवं दिसत नाही म्हणाली.

"एवढंच," नूतन म्हणाली, जणू आमची माफी मागत होती.

अमृत म्हणाले की एवढंच पुष्कळ आहे. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, तेव्हा ठरवू लेन्स ठेवायची की चष्म्यावर राहायचं. सोसल्या नाहीत तर चष्मा आहेच.

मी नवलच्या तोंडाकडे बघत होतो. तो उठला, नूतनच्या मागे गेला. त्याचे हात सवयीने वर आले, तिच्या कानांपर्यंत, आणि तिथे थांबले. मग त्याने ते खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"पंडित सरांना मी सांगतो," तो सुलक्षणाला म्हणाला. "डावीकडचा बाक. पहिला. आणि फळ्यावरचं दिसलं नाही तर शेजारणीच्या वहीतून."

प्रमिलाबाईंनी पिशवीतून केळं काढून नातीच्या हातात दिलं. दुसरं काढलं, थोडं थांबल्या, आणि ते मला दिलं.

निघताना अमृतनी माझा चष्मा मागितला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं की हा नंबर कधीचा. मी एकोणीस वर्षांचा असताना धुळ्यातल्या एका दुकानात काढला होता, एकेक डोळा झाकून. नंतर फक्त फ्रेम बदलत गेलो. "तुम्हालाही बघू या का?" ते म्हणाले. मी बसची वेळ झाली म्हणून सांगितलं. बस तासाभराने होती. पन्नास वर्षांत एखादी ओळ जास्त दिसू शकली असती हे कळायची मला भीती वाटली.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. बारीक पेनाने चार ओळी झाल्यावर कागद फाडला. कोपऱ्यावरच्या दुकानातून काळं जाड मार्कर आणलं आणि एका पानावर सात-आठ ओळीच बसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे नूतनलाही वाचता येईल. पानं अकरा झाली.

लिहिलं की सुलक्षणा, जग हलत नाही. आपले डोळे हलतात, जग नाही. मला सत्तर वर्षांत भिंत कधी हलताना दिसली नाही. जन्मापासून असलं की डोकं ते सांभाळून घेतं. दमल्यावर, घाबरल्यावर, पुष्कळ लोकांनी एकदम पाहिल्यावर पुसट होतं. मी सायकलपलीकडे काही चालवलं नाही. रस्त्यापलीकडून हात करणारा कोण ते मला कळत नाही, म्हणून लोक मला गर्विष्ठ समजतात. नूतनच्या मैत्रिणींना हे आधीच सांगून ठेव. चेंडू झेलता येणार नाही कदाचित. पुस्तक जवळ धरेल, धरू दे. जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत, उलट जवळ त्यांना जास्त स्थिर राहता येतं. मी तशी हजारो वाचली. मानेबद्दल मी चुकलो. तुम्ही मला विचारलंही नव्हतं तेव्हा मी बोललो, आणि विचारलंत तेव्हा गप्प बसलो. पुढच्या गुरुवारी मी जळगावला माझे डोळे तपासायला जाणार आहे. आखाजीला नूतनला पाठव. झोक्यावर तिला हवी तशी मान करू दे.

पाकीट जाड झालं. वजन करून तिकिटं लावायला पोस्टात जावं लागलं. खिडकीवरच्या माणसाने पत्त्याची मोठी अक्षरं पाहून विचारलं की एवढं मोठं कशाला. मी सांगितलं, भाचीच्या मुलीला वाचता यावं म्हणून. बाहेर पडताना वाटलं, "जग हलत नाही" याच्या आधी "कदाचित" हा शब्द घालायला हवा होता. मी पोस्टाच्या दारातल्या पेटीशी थांबलो. लोखंड उन्हाने तापलेलं होतं. पाकीट हातात फिरवलं, मान डावीकडे वळवून पत्ता एकदा वाचला, आणि आत टाकलं.